पुढील सोमवारी रुजू होईन

मनुष्य रजेवर गेला म्हणजे कार्यालयात त्याच्या पश्चात रिकामी खुर्ची, टेबलाच्या काचेखालचे कुलदैवत आणि ई-मेलच्या दारात उभे करून ठेवलेले एक स्वयंचलित उत्तर एवढेच मागे राहते. आणि या तिहींत वाचा असलेले ते एकटेच असल्यामुळे, त्या मुदतीत बाहेरच्या जगाशी जो काही व्यवहार होतो तो सर्वस्वी त्याच्याच तोंडून होतो. असे असता, साध्या स्मरणपत्राचा मसुदा तीन टेबलांवरून फिरवून तपासून घेणारे आमचे अधिकारी हा मजकूर मात्र निघण्याच्या दिवशी, एक डोळा घड्याळाकडे आणि दुसरा लोकलच्या वेळापत्रकाकडे ठेवून लिहितात. आमच्या परिचयाच्या एका शासकीय कक्ष अधिकाऱ्यांनी यंदा मात्र अपवाद केला. ‘एवढे जरा नजरेखालून घाला’ म्हणून त्यांनी जो मजकूर आमच्यापुढे ठेवला, तो येणेप्रमाणे होता :

‘मी दि. ०४/०५ ते ०८/०५ पर्यंत रजेवर जाणार असून पुढील सोमवारी कार्यालयात रुजू होईन. सदर कालावधीत मला ई-मेल पाहण्याची सुविधा मर्यादित राहील. तातडीच्या कामाकरिता माझ्या सहकाऱ्यांशी अथवा कार्यालयाच्या दूरध्वनीवर संपर्क साधावा.’

शुद्धलेखनाच्या दृष्टीने यात बोट ठेवण्यासारखे काही नाही. ‘ते’ असताना ‘पर्यंत’ कशाला, एवढीच शंका येते. पण सरकारी भाषेत शब्द कमी पडण्यापेक्षा दोन जास्त असलेले बरे, हा संप्रदाय जुना आहे. खरी पंचाईत तारखांची. या कक्षाचा पत्रव्यवहार यंत्रसामग्रीच्या एका अमेरिकन कंपनीशीही चालतो आणि अमेरिकन मनुष्य महिना आधी व दिवस मागाहून लिहितो. तेव्हा ०४/०५ ते ०८/०५ हे त्याच्या हिशेबी ५ एप्रिल ते ५ ऑगस्ट ठरते, आणि पाच दिवसांची रजा टाकून कोकणात आंबे खावयास निघालेला आपला अधिकारी त्याच्या दप्तरी चार महिने बेपत्ता राहतो. शासनाविषयी त्याची जी मूळ समजूत असेल तिच्याशी हे इतके जुळते की तो खुलासा मागण्याच्या भानगडीत पडणारही नाही. महिना अक्षरांत आणि वर्ष आकड्यांत लिहिले की हे सर्व टळते. ‘४ मे २०२६’ याचा दुसरा अर्थ अमेरिकेतही होत नाही.

परंतु ४ मे ही तारीख तरी खरी आहे काय? अर्जावर ती खरी, कारण रजा सोमवारपासून खर्ची पडते. पण त्याआधी शनिवार-रविवार आहेत आणि त्याच्याही आधी १ मेचा शुक्रवार आहे, ज्या एकाच दिवशी महाराष्ट्र दिन आणि बुद्धपौर्णिमा येऊन एक सुटी फुकट गेल्याचे दुःख खात्यात पंचांग छापून झाल्यापासून पाळले जात आहे. पुढे ९ आणि १० मे हे पुन्हा शनिवार-रविवार. म्हणजे साहेबांची खुर्ची गुरुवार ३० एप्रिलच्या सायंकाळी रिकामी होते ती ११ मेच्या सकाळी भरते. पत्र पाठविणाऱ्यास आपल्या रजेच्या खात्यातून किती दिवस वजा झाले याच्याशी कर्तव्य नसते. त्याला मनुष्य केव्हा भेटेल तेवढे हवे असते. शुक्रवारी पत्र टाकणाऱ्यास उत्तर आले नाही, तर पत्र पोचले आणि कोणीतरी वाचीत आहे, असा त्या गरिबाचा समज होतो. सबब, यंत्रात आरंभाची वेळ गुरुवारी कार्यालय सुटण्याची घालावी आणि मजकुरात रुजू होण्याची तारीख घालावी. अखेरची वेळही घालावी, कारण ती रिकामी सोडली की यंत्र आपण होऊन थांबत नाही आणि साहेब जूनमध्ये समोर बसले असताही ‘पुढील सोमवारी रुजू होईन’ असे कळवीत राहते.

येथून आपण काळाकडे येतो. ‘जाणार असून’ हा भविष्यकाळ लिहिणाऱ्याच्या दृष्टीने निर्दोष आहे, कारण लिहिताना तो खुर्चीतच बसलेला असतो. पण हे वाक्य तो असेपर्यंत कोणासही दिसत नाही, आणि दिसू लागते तेव्हा तो गेलेला असतो. तेव्हा ‘रजेवर आहे’. ‘पुढील सोमवारी’ हे त्याहून घातक : बुधवारी वाचणाऱ्यास ते ११ तारीख सांगते, आणि १० तारखेच्या रविवारी वाचणारा उद्याचा सोमवार सोडून १८ तारखेपर्यंत धीर धरतो. ‘आज’, ‘उद्या’, ‘सध्या’ हे सारे याच कुळातले. वेल्समधील स्वान्सी येथे २००८ साली अवजड वाहनांना मज्जाव करणाऱ्या फलकासाठी नगरपालिकेने इंग्रजी मजकूर ई-मेलने भाषांतरकाराकडे पाठविला. तत्काळ वेल्श उत्तर आले, ते तसेच फलकावर रंगविले गेले, आणि वाहनचालकांस कळले की, ‘मी सध्या कार्यालयात नाही, भाषांतराचे काम असल्यास पाठवावे.’ या प्रकरणी सर्वांनी अधिकाऱ्यांच्या वेल्श अज्ञानाची थट्टा केली. आम्हांस मात्र त्या मजकुरात तारीख नव्हती हे अधिक लक्षणीय वाटते. तारीख असती, तर निदान ती ओळखून रंगाऱ्याने ब्रश खाली ठेवला असता.

‘सुविधा मर्यादित राहील’ हे वाक्य आम्ही सरळ काटले. आंब्याच्या झाडाखालीही मोबाइलला रेंज असते. पाहीन पण उत्तर देणार नाही, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो उघड लिहिण्यात कमीपणा नाही. एकदा गेलेले उत्तर मात्र परत घेता येत नाही, आणि यंत्र एकाच मनुष्यास वारंवार उत्तरही देत नाही. मजकूर न बदलल्यास जीमेल चार दिवसांतून एकदाच देते. चुकीचा मजकूर सोमवारी ज्याला पोचला, त्याच्यापुरता तो बहुधा रजा संपेपर्यंत कायम.

राहता राहिला संपर्क. ‘माझे सहकारी’ ही संज्ञा इतकी व्यापक आहे की तिच्यात सबंध मजला येतो आणि जबाबदार इसम एकही येत नाही. नाव, हुद्दा, थेट दूरध्वनी, आणि कोणत्या प्रकरणी त्यांना निर्णयाचा अधिकार आहे ते लिहा, असे म्हटल्यावर साहेबांनी शेजारच्या कक्षातील अधिकाऱ्यांचे नाव सांगितले. चौकशीअंती असे निष्पन्न झाले की ते गृहस्थ ६ मेपासून स्वतःच रजेवर असून त्यांच्या मजकुरात तातडीच्या कामासाठी आमच्या साहेबांचे नाव अगोदरच घातलेले आहे. यंत्रांनी हा पेच केव्हाच सोडविला; स्वयंचलित उत्तरास स्वयंचलित उत्तर देऊ नये, असा त्यांचा आपसांतला दंडक २००४ साली RFC 3834 या नावाने लेखी झाला. माणसांसाठी तसे परिपत्रक अद्याप निघावयाचे आहे.

अखेर मजकूर असा ठरला : ‘मी रजेवर आहे. सोमवार, ११ मे २०२६ रोजी कामावर रुजू होईन. तोवर ई-मेलला उत्तर देणार नाही. तातडीचे काम असल्यास ५ मेपर्यंत शेजारच्या कक्षाचे अधिकारी आणि ६ मेपासून आमचे सहायक कक्ष अधिकारी यांना दूरध्वनी करावा.’ दोघांची नावे पुढे आलीच. क्रमांक छापण्यापूर्वी तो फिरवून पाहावा, हा मुद्रितशोधनाचा शेवटचा नियम; म्हणून सहायकांच्या टेबलाचा क्रमांक साहेबांनी आमच्यादेखतच लावला. बराच वेळ घंटा वाजल्यावर पलीकडून कोणीसे बोलले :

‘साहेब जागेवर नाहीत. तातडीचं असेल तर ई-मेल करून ठेवा.’