नाव तेवढं माझं टाक

राजगुरुनगरात माणूस निवृत्त झाला की सकाळी भीमेकडं फिरायला जातो आणि वर्षभरात आत्मचरित्राच्या विचाराला लागतो. फिरायला सोबत लागत नाही. आत्मचरित्राला मात्र गोतावळ्यातला जो कुणी एखाद्या दिवाळी अंकात छापून आलेला असेल, तो लागतो. आमच्या मामांनी मला धरलं. ‘‘मी सांगत जातो, तू नीट शब्दांत बसव. नाव तेवढं माझं टाक.’’

अशा वेळी ‘वेळ नाही’ म्हणण्यात अर्थ नसतो. ‘‘घाई कुठंय? दिवाळीनंतर बसू,’’ असं उत्तर तयार असतं. ‘जमणार नाही’ म्हटलं तर तो आपला विनय ठरतो.

म्हणून मी त्यांना एक प्रसंग सांगायला लावला आणि फोनवर रेकॉर्ड केला. कांद्याची बैलगाडी घेऊन बापलेक चाकणच्या बाजारात गेले होते. मामा म्हणाले, ‘‘भाव ऐकला न् आबा तिथंच बसले. बैल उभे, आबा खाली.’’ तेच मी माझ्या पद्धतीनं लिहून दिलं : ‘बाजारभावाच्या लहरीपणाने खचलेले वडील क्षणभर भूमीवर विसावले.’ मामांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. ‘‘आबा विसावले? अरे, त्यांना विसावा ठाऊकच नव्हता!’’

मग हळूच लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुढं केली. बाई लग्नानंतर लिहा-वाचायला शिकल्या. नवरा नामांकित कवी. तरी 1934 पासून भागाभागानं निघालेल्या त्या पुस्तकात बोलतात त्या लक्ष्मीबाईच. मामा आठवडाभर पुस्तकात होते.

माझ्या नकाराला दुसरंही कारण होतं, ते मी बोललो नाही. पुस्तकात जमिनीचं प्रकरण येणार होतं : बांध, वाटणी, मोबदला. ते माझ्या हातून लिहिलं गेलं असतं, तर धाकट्या मामांनी पुढच्या लग्नात माझ्या पंगतीकडं पाहिलंही नसतं. ज्याचं भांडण त्याच्याच अक्षरात बरं.

नुसत्या नकारावर माणूस रुसतो, म्हणून कामाची वाटणी केली. तासभर बोललेलं उतरवलं की सात-आठ हजार शब्द होतात आणि टाइप करायला चार-पाच तास सहज जातात. तेव्हा मामांनी वहीत लिहायचं, मी टाइप करायचं. ऱ्हस्व-दीर्घ माझं, सनावळी तपासणं माझं, वाक्य मात्र त्यांचं. पटलं नाही तर समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह. त्यापुढं माझा हात जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं. ‘आपण बघू’ म्हटलं असतं, तर पहिल्या प्रकरणापाठोपाठ सगळं पुस्तक माझ्या गळ्यात आलं असतं.

वही भरत आली आहे. परवा मामांचा फोन आला. ‘‘पुस्तक होतंय बघ. फक्त सुरुवातीचं मनोगत माझ्या नावानं तू लिही.’’

‘‘त्यात काय लिहू?’’

‘‘एवढंच, की यातला शब्द न् शब्द मी माझ्या हातानं लिहिलाय.’’