एक कोटीचा परका माणूस

कोथरूडचा आमचा फ्लॅट विकायला मी न्यू जर्सीहून आलो, तेव्हा विकणं म्हणजे गिऱ्हाईक गाठायचं, सही करायची, पैसे घ्यायचे आणि बाकरवडी बांधून विमानात बसायचं, एवढीच माझी कल्पना होती. गिऱ्हाईक भला माणूस निघाला. सौदा एक कोटीला ठरला, त्याने टोकनचा चेक दिला आणि म्हणाला, "काका, एक टक्का टीडीएस कापतो हं, नियमच आहे." मला नियम पाळणारी माणसं फार आवडतात, म्हणून मी त्याला दुसरा चहा पाजला.

सीएने चेक पाहून डोक्याला हात लावला. "एक टक्का इथे राहणाऱ्यांना. तुम्ही अनिवासी! आणि हा चेक कुठल्या खात्यात भरताय?" मी अभिमानाने कॉलेजपासूनचं बचत खातं सांगितलं. परदेशी स्थायिक झाल्यावर ते एनआरओ करून घ्यायला हवं होतं, हे मला बँकेने नव्हे, त्याच्या चेहऱ्याने कळवलं.

मग त्याने कागदावर हिशेब मांडला. फ्लॅट 2010 साली स्टँप ड्युटीसकट चाळीस लाखांना घेतलेला, म्हणजे नफा साठ लाख. त्यावर साडेबारा टक्के, वर अधिभार आणि सेस धरून खरा कर 8 लाख 58 हजार. पण गिऱ्हाइकाला माझा नफा कसा कळणार? म्हणून त्याने कापायचं ते अख्ख्या कोटीवर, म्हणजे 14 लाख 30 हजार. वरचे पावणेसहा लाख रिटर्न भरून परत मागायचे आणि वाट बघायची.

वाट बघणं टाळायचं असेल तर आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आधी काढायचा, खरेदीखत व्हायच्या आत. त्याला मूळ खरेदीचे कागद लागतात. ते मी इतके सुरक्षित ठेवले होते की स्वतःलाही सापडले नाहीत. शेवटी माळ्यावर, आकाशकंदिलाच्या खोक्यात, इंडेक्स टू बायकोच्या हाती लागला. टोकनचा चेक परत केला. गिऱ्हाइकाला टॅन नंबर काढावा लागला; तो म्हणाला, "काका, घर मी घेतोय की नोकरी देतोय तुम्हाला?"

यथावकाश दाखला आला, व्यवहार झाला, पैसे एनआरओत पडले. आता बाहेर न्यायचे तर कर भरल्याचं सीएचं प्रमाणपत्र, म्हणजे 15सीबी. त्यावरून आपण ऑनलाइन भरायचा 15सीए. मग दोन्ही बँकेत. सीएने धीर दिला, "काळजी नको, एनआरओतून आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात."

मी रुबाबात बायकोला हे सांगितलं. तिने मोबाइलवर डॉलरचा भाव बघितला, आमचे लाखभर डॉलर मोजले आणि विचारलं, "उरलेले नऊ लाख कुठून आणताय?"