समस्त बाबांना अनावृत पत्र

तीर्थरूप बाबा आणि मुलाकडे अमेरिकेला निघालेले इतर सर्व बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या वर्षी इमिग्रेशनच्या साहेबाने तुम्हाला एवढंच विचारलं, "कशासाठी आलात?" तुम्ही थेट १९८४ साली लागलेल्या नोकरीपासून सुरुवात केलीत. माझे दहावीचे मार्क, सूनबाईचं माहेर, तुमचा गुडघा, सगळं त्याला कळलं. शेवटी तुम्ही म्हणालात, "आलोय नातवाला सांभाळायला." मग दीड तास तुम्ही आतल्या खोलीत आणि आम्ही बाहेर.

बाबा, तुमच्यासाठी ती माया. साहेबाच्या कानाला ती नोकरी. आणि पर्यटक व्हिसावर नोकरी चालत नाही. तेव्हा यंदा वक्तृत्वाला थोडी रजा द्या आणि एवढीच तालीम करा:

"येण्याचं कारण?"
"मुलाला आणि नातवाला भेटायला."
"किती दिवस?"
"तीन महिने. हे परतीचं तिकीट."
"राहणार कुठे?"
"मुलाच्या घरी. पत्ता या कागदावर आहे."
"खर्च कोण करणार?"
"तिकीट माझं, इथला खर्च मुलाचा. मला पेन्शन आहे."
"खाण्याचं काही आणलंय?"
"हो. लाडू, भाजणी, लिंबाचं लोणचं. फळं, बिया, मांस नाही."

संपलं. साहेबाने न विचारलेलं सांगू नका आणि विचारलेलं लपवू नका. लाडू आणणं हा गुन्हा नाही. विचारल्यावर "काही नाही" म्हणणं महागात पडतं. प्रश्न कळला नाही तर अंदाजाने "यस" म्हणू नका, दुभाषा मागा. आणि मुलाने खरोखरच पाळणाघराचे पैसे वाचवायला बोलावलं असेल, तर साहेबापुढे उत्तर बदलू नका. घरी बसून बेत बदला.

आता तुमचा लाडका मुद्दा: "व्हिसा दहा वर्षांचा आहे!" आहे ना. पण ती दहा वर्षं दारापर्यंत येण्याची. आत किती दिवस राहायचं, हे काउंटरवरचा साहेब ठरवतो. आईवडिलांना सहसा सहा महिने मिळतात. सहा मिळाले म्हणून तीनचे सहा करायचे बेत तिथेच मोठ्याने जाहीर करू नका. खरंच सहा राहायचं असेल तर तिकीटही सहा महिन्यांनंतरचं काढू नका. त्याआधीचंच काढा आणि पहिल्यापासून तेच सांगा.

घरी पोहोचलात की चहाच्या आधी एक काम करू. i94.cbp.dhs.gov या संकेतस्थळावर तुमचा पासपोर्ट नंबर टाकून मुक्कामाची शेवटची तारीख बघू आणि फ्रिजवर लावून ठेवू. व्हिसावरची नव्हे, ती तारीख पाळायची.

१९८४ सालची नोकरी मात्र गाडीत बसल्यावर पहिल्यापासून सांगा. घर तासाभरावर आहे.

आपला आज्ञाधारक,
दीड तास बाहेर उभा असलेला मुलगा