सूची करावी ती वेड्यांनीच

शहाण्या माणसाने कादंबरीकाराच्या सूचीच्या वाटेला जाऊ नये. शहाण्याला एक साल पुरते. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी कोणती, असे विचारले की तो ‘मधली स्थिती, १८८५’ म्हणतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळतात. वेडा मात्र तिथेच अडून बसतो. त्याला हवे असते ते एवढेच, की १८८५ साली हातात काय पडले? पुस्तक पडले, की वर्तमानपत्राचा अंक? मला या वेड्याची बाजू घ्यायची आहे, आणि ती मनापासून घ्यायची आहे.

१८८५ हे साल वर्तमानपत्राचे आहे. ‘मधली स्थिती’ त्या वर्षी ‘पुणे वैभव’मध्ये क्रमशः येऊ लागली. पुढे ‘गणपतराव’ एका मासिकात सुरू झाली आणि अपुरी राहिली. १८९० च्या ऑक्टोबरात हरिभाऊंनी स्वतःचे ‘करमणूक’ काढले आणि यमूची कहाणी, म्हणजे ‘पण लक्षात कोण घेतो!’, त्यातून वाचकांच्या घरी जाऊ लागली. ती पुस्तकरूपाने निघाली १८९३ साली. तेव्हा या कादंबरीपुढे १८९० लिहायचे की १८९३? शहाणा दोन्हींतले एक उचलतो. वेडा दोन्ही लिहितो आणि कोणते कशाचे तेही लिहितो. १८९० साली जी वाचली गेली ती आठवड्याच्या अंतराने, तुकड्यातुकड्याने वाचली गेली. १८९३ साली ती सलग हाती आली. हे वाचनाचे दोन निराळे प्रकार आहेत, म्हणून त्यांच्या नोंदीही दोन. रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’चेही तसेच आहे. ‘विविधज्ञानविस्तारा’त तिचा आरंभ १८६७ चा, पुस्तक १८७१ चे. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी कोणत्या वर्षाची, या वादातली निम्मी हवा या एका भेदाने निघून जाते.

वेड्याचा पहिला नियम असा, की स्वतंत्र मुखपृष्ठाचे पान, छापखान्याचे नाव आणि स्वतंत्र किंमत असलेली वस्तू म्हणजे पुस्तक. किती पानांची, हा प्रश्न नाही. हरिभाऊंनी आगरकरांच्या ‘विकारविलसित’ या हॅम्लेटच्या रूपांतरावर ‘निबंधचंद्रिके’त बहात्तर पानांची टीका लिहिली. बहात्तर पानांत आजचे दोन कवितासंग्रह बसतील, तरीही ती टीका नियतकालिकांच्या विभागातच जाईल. उलट, सोळा पानांची पुस्तिका स्वतःच्या मुखपृष्ठासह सुटी विकली गेली असेल, तर तिला पुस्तकांच्या विभागात मानाने जागा द्यावी लागते. पहिले पुस्तक ठरते ते याच विभागातून. लेखकाची कीर्ती ज्यामुळे झाली ते पुस्तक पहिले ठरत नसते.

फसगत होते ती बांधीव खंडांत. जुनी मासिके कादंबरीच्या पानांना पुष्कळदा वेगळे क्रमांक देत, म्हणजे वर्ष संपले की वर्गणीदाराने ती पाने सुटी काढून बांधून घ्यावीत. असा खंड कपाटात उभा केला की हुबेहूब पुस्तक दिसतो. ग्रंथपाल त्याला दाखलक्रमांक देतो, आणि पन्नास वर्षांनी कुणीतरी त्यालाच ‘पहिली आवृत्ती’ म्हणते. असा खंड ओळखायचा तर शेवटच्या पानाकडे न जाता फर्म्याच्या तळाकडे पाहावे. तिथे बारीक अक्षरात मासिकाचे नाव किंवा खंड-अंक छापलेला सापडतो. दर सोळा किंवा चोवीस पानांनी वाक्य अर्धवट तुटून पुढच्या पानावर सुरू होत असेल, आणि मधला कागद किंवा शाई बदलली असेल, तर ते हप्ते आहेत. दुसरे नुकसान बाइंडर करतो. तो मासिकाची वेष्टने फाडून टाकतो आणि आतला मजकूर शिवतो. अंकाची तारीख, किंमत आणि ‘लवकरच पुस्तकरूपाने’ ही जाहिरात नेमकी त्या वेष्टनावर असते. म्हणून वेडा बांधीव खंड पाहून थांबत नाही. सुटा अंक कुठे उरला आहे का, ते विचारत राहतो.

मग येतो शक. शके १८१२ असे छापलेले दिसले की शहाणा त्यात ७८ मिळवून १८९० लिहितो. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ते बरोबर आहे. जानेवारी ते फाल्गुनअखेर मात्र ७९ मिळवावे लागतात आणि साल १८९१ होते. महिना छापलेला नसेल तर ‘१८९०-९१’ असेच लिहावे. एवढ्या काटेकोरपणाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्याने दोन लेखकांमध्ये कोण आधी, हा वाद कधी सोडवायला घ्यावा.

महिना मिळायची एक जागा सरकारने करून ठेवली आहे. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने छापखान्यांना प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारात द्याव्या लागत, आणि त्यांच्या तिमाही याद्या गॅझेटबरोबर निघत. त्यांत छापखान्यातून पुस्तक बाहेर पडल्याची तारीख, पाने, आवृत्ती, किंमत आणि प्रतींची संख्याही असे. मर्यादा अशी, की छापखानदाराने प्रत दिलीच नाही तर नोंद नाही. पुस्तक ज्या प्रांतात छापले त्या प्रांताच्या यादीत पाहावे लागते, लेखक कुठे राहतो तिथल्या नव्हे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापले गेले. वऱ्हाडच्या कागदांत ते शोधणारा रिकाम्या हाताने परत येईल; त्याने मुंबई इलाख्याची यादी उघडावी. यादीनंतर शंकर गणेश दात्यांची ‘मराठी ग्रंथसूची’, जिच्या पहिल्या खंडात १८०० ते १९३७ ची पुस्तके आहेत. त्यानंतर ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी पुस्तकांचा ब्लूमहार्टने केलेला १८९२ चा कॅटलॉग. तीन ठिकाणी साल जुळले तरी, स्वतः न पाहिलेल्या प्रतीपुढे वेडा ‘प्रत्यक्ष पाहिलेले नाही’ असे लिहितो. सूचीची विश्वासार्हता मी याच तीन शब्दांवर मोजतो. ज्या सूचीत ते एकदाही येत नाहीत, ती बहुधा दुसऱ्या सूचीवरून उतरवलेली असते, आणि तिच्यातल्या चुका पुढच्या सूचीत जशाच्या तशा उतरतात.

या वेडाने काय मिळते, ते बुलढाण्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको. ताराबाईंचे पुस्तक ९३ वर्षे जवळजवळ विस्मृतीत होते. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले, तेव्हा कुठे मराठी वाचकाला कळले की एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे असे पुस्तक लिहिले गेले होते. ती प्रत जुन्या कागदांत शोधत बसण्याचे काम कुण्या शहाण्याने केले असते, असे मला वाटत नाही.

आता आपल्याच जिल्ह्याचे पाहा. अमडापूरच्या सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि तिचे नाव सर्वांना ठाऊक झाले. तिच्याआधी ‘तहान’ आहे, कथासंग्रह आहेत, आणि त्या कथा ज्या मासिकांत आणि दिवाळी अंकांत छापून आल्या ते अंक आजही गावोगावच्या वाचनालयांत, शिक्षकांच्या घरांत आणि माळ्यांवर असतील. लेखक आपल्यात आहे आणि अंकही आहेत. सूची करायची तर ती आता करावी. वाचनालयांना एकच विनंती आहे: रद्दी काढण्याआधी दिवाळी अंकांची अनुक्रमणिका आणि वेष्टन यांचा फोटो घेऊन ठेवा, आणि बांधणीला देताना वेष्टन फाडू नका असे बाइंडरला बजावा.