लाल की तपकिरी?

जिंतूरच्या डोंगराकडेला ज्वारी हुरड्यात आली की माणसांच्या आधी रानडुकरांना बातमी लागते. म्हणून आता बांधाबांधावर झटका मशीन दिसतं. बारा व्होल्टची बॅटरी, एक डबा आणि शेताला वेढा घालणारी तार, एवढाच संसार. तार शिवली तर डुक्कर मरत नाही, पण त्या रात्री पुन्हा ज्वारीचं नाव काढत नाही. डब्यावर एक लाल दिवा असतो. तो लुकलुकतोय म्हणजे मशीन जागं आहे, हे शेतकऱ्याला घराच्या ओट्यावरूनही कळतं.

माझ्या भाच्याच्या मशीनचा हा दिवा बंद पडला. झटका मात्र बसत होता. शेजारच्या बांधावरून विडीसाठी काडेपेटी मागायला आलेल्या पाहुण्यांनी त्याची खात्री न विचारता करून दिली होती. भाच्याने डबा उघडला, आतली प्लेट पाहिली आणि दिव्याशेजारचा एक रजिस्टन्स करपट दिसल्याबरोबर त्याला आरोपी ठरवून टाकलं. पुढच्या मिनिटाला परभणीत माझा फोन वाजला.

"मामा, फोटो धाडलाय. किती नंबरचा हाय सांगा, स्टेशन रोडवरून आणतो."

रजिस्टन्सवर नंबर नसतो, रंगाचे पट्टे असतात. तांदळाच्या दाण्याएवढ्या गोल अंगावर आकडे छापले तर ते वाचणार कोण, आणि प्लेटमध्ये बसवताना आकडा पोटाखाली गेला तर काय करणार? पट्टा सगळ्या अंगाभोवती फिरतो, त्यामुळे कुठूनही दिसतो. काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ, पांढरा नऊ. आयटीआयमध्ये आम्हाला हा क्रम ग्रेट ब्रिटनच्या बी. बी. रॉय नावाच्या गृहस्थांच्या आणि त्यांच्या फार चांगल्या पत्नीच्या आधाराने पाठ करवला होता. हे रॉयसाहेब कोण, हे कुणी विचारलं नाही. चार पट्ट्यांत पहिले दोन आकडे, तिसरा पुढे किती शून्यं लावायची ते सांगतो, आणि शेवटचा सोनेरी म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे चालेल.

योजना उत्तम आहे. तिने परभणीचा उन्हाळा आणि पत्र्याच्या डब्यातला ट्रान्सफॉर्मर विचारात घेतला नव्हता, एवढंच.

फोटोत मातकट अंगाचा एक रजिस्टन्स होता. शेवटचा पट्टा सोनेरी, कारण वाकड्या उजेडात तो चमकत होता. पिवळ्या आणि तपकिरीला तशी चमक नसते. हा एक पट्टा पक्का झाला की बाजू ठरते, वाचायची सुरुवात दुसऱ्या टोकाकडून. पण सुरुवातीलाच अडलं. पहिला पट्टा लाल की तपकिरी? दुसरा जांभळा की राखाडी? तिसरा पुन्हा लाल की तपकिरी?

"मला तर लालच दिसायलाय," भाचा म्हणाला. मग थोडं थांबून, "पण मघाशी तपकिरी दिसत होता."

यात डोळ्यांचा दोष नव्हता. फोटो गोठ्यातल्या पिवळ्या बल्बखाली काढलेला होता. त्यात चौकटभर हिरवी प्लेट. सगळीकडे हिरवंच दिसलं की फोनचा कॅमेरा समजतो की उजेडच हिरवट आहे, आणि हिरवा काढून टाकायला बघतो. हिरवा कमी केला की तपकिरीवर लाली चढते. तपकिरी रंगाची आणखी एक गंमत आहे: तो वेगळा रंग नव्हेच, अंधारलेला नारिंगी आहे. फोटो जरा जास्त उजळला की तपकिरीचा नारिंगी होतो आणि काळवंडला की नारिंगीचा तपकिरी. म्हणजे फोटोत नुसता रंग पाहून भागत नाही. तो पट्टा आजूबाजूच्या मानाने किती गडद आहे, हे पाहावं लागतं.

मी सांगितलं, बाहेर सावलीत ये, ऊन नको आणि फ्लॅशही नको. फ्लॅशने गोल अंगावर पांढरी रेघ उमटते आणि नेमका पट्टाच खाऊन टाकते. प्लेटवर रजिस्टन्सला लागून पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेव. फोन नाकाला लावल्यासारखा जवळ नेऊ नको, वीतभर लांब धर आणि मग झूम कर. आणि पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव. ही शेवटची गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. फोटो दाबून लहान करताना उजेडसावली बऱ्यापैकी जपली जाते, रंग मात्र जाडाभरडा साठवला जातो. एक मिलिमीटरही रुंद नसलेल्या पट्ट्यात मग शेजारच्या मातकट अंगाचा रंग झिरपतो. रेघ स्पष्ट दिसते आणि रंग खोटा असतो.

दुसरा फोटो आला तेव्हा कागद पांढरा दिसत होता, म्हणजे बाकीच्यांवरही थोडा विश्वास ठेवायला हरकत नव्हती. तरी लाल-तपकिरीचा निकाल लागेना.

इथे रंग सोडून हिशोबाकडे वळावं लागतं. कारखाने वाटेल त्या किमतीचे रजिस्टन्स करत नाहीत. रोजच्या वापरातल्या मालिकेत बाराच जोड्या आहेत: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२. दहा टक्के कमीजास्त धरलं तर एकाची हद्द संपते तिथे दुसऱ्याची सुरू होते. २२ वर गेला तर २४.२ पर्यंत, २७ खाली आला तर २४.३ पर्यंत. मध्ये तिसऱ्याला बसवायला जागाच नाही. पाच टक्क्यांच्या मालात आणखी बारा जोड्या असतात, पण त्या भरीला घेतल्या तरी आपलं काम होतं.

आता आपला संशय मांडून बघा. लाल-जांभळा म्हणजे २७, आहे. लाल-राखाडी म्हणजे २८, कुठल्याच यादीत नाही. तपकिरी-जांभळा १७, नाही. तपकिरी-राखाडी १८, आहे. चार शक्यतांपैकी दोन गळाल्या, आणि राहिलेल्या दोघी एकमेकींना बांधलेल्या आहेत. दुसरा पट्टा जांभळा ठरला तर पहिला लाल असलाच पाहिजे. राखाडी ठरला तर पहिला तपकिरी. लाल-तपकिरीकडे बघत डोळे फोडायचं कारणच उरलं नाही.

जांभळा की राखाडी हे मात्र तुलना करून कळतं. त्याच प्लेटवर थोडा लांब, उष्णतेपासून वाचलेला एक रजिस्टन्स होता, पिवळा-जांभळा-लाल. जांभळा निर्विवाद, कारण पिवळ्यानंतर राखाडी म्हणजे ४८, आणि तो तर नसतोच. मी म्हटलं, हे दोघं एकाच चौकटीत घे. वेगवेगळ्या फोटोंतले रंग ताडून पाहण्यात अर्थ नसतो, दर वेळी कॅमेरा नवा विचार करतो. एका फोटोत ठेवल्यावर करपलेल्या पट्ट्यातही तीच किंचित गुलाबी झाक दिसली. राखाडीत ती नसते. म्हणजे २७.

आता तिसरा पट्टा. इथे यादी हात वर करते, कारण २७च्या पुढे कितीही शून्यं कायदेशीर आहेत. तपकिरी असेल तर एक शून्य, २७० ओहम. लाल असेल तर दोन, २.७ के. दहा पटींचा फरक, आणि नेमका इथेच माणूस अंदाज करतो. बनी तो बनी, नहीं तो परभणी.

भाच्याचा युक्तिवाद तयार होता. "जळलाय म्हंजी जास्त करंट गेलाय. २७०च असणार."

बिनतोड वाटतं. हिशोब करू. बॅटरी बारा व्होल्टची, लाल दिवा त्यातले दोनेक घेतो, रजिस्टन्सवर दहा उरतात. २७० असेल तर ३७ मिलिअँपिअर जातील आणि अंगात ०.३७ वॅट उष्णता होईल. हा पाव वॅटचा जीव. दिवा सलग लागला तर भाजून निघेल. शिवाय असल्या छोट्या दिव्याला साधारण वीसच्या वर देत नाहीत. २.७ के असेल तर चार मिलिअँपिअरपेक्षा कमी, दिवा नीट दिसतो आणि रजिस्टन्स थंड राहतो. मशीन करणाऱ्याला चार पैशांचंही गणित येत असेल, तर त्याने २.७ के घातला असणार.

मग करपला कसा? कुठे करपलाय ते पाहा. स्वतःच्या उष्णतेने जळलेला रजिस्टन्स मधोमध काळा पडतो, कारण टोकांची उष्णता तारांवाटे निघून जाते. हा मधोमध नव्हता, एका कुशीला करपला होता. आणि त्या कुशीला, बोटभर अंतरावर, ट्रान्सफॉर्मर बसलेला होता. गुन्हा शेजाऱ्याचा, डाग याच्या अंगावर.

एवढं झाल्यावर मीटर लावणं आलंच. भाच्याकडे मीटर नव्हतं, ते त्याने गावातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून आणलं. मी आधी एक ताकीद दिली: बॅटरी काढली तरी झटका मशीनच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट बसलेले असतात. बल्बच्या दोन वायरी त्याला टेकवून तो रिकामा केल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. मग रजिस्टन्सचा एकच पाय सोल्डर वितळवून उचलायचा. उचलल्यावर त्याची प्लेटकडची बाजू वर आली. तिथे ना ऊन पोचलं होतं ना ट्रान्सफॉर्मरची धग. लाल, जांभळा, लाल. ताजे.

मीटर म्हणालं २.६६.

"म्हंजी हा चांगलाच हाय?"

चांगलाच होता. मेला होता तो दिवा. डब्यात शिरलेल्या ओलीने त्याचा एक पाय गंजून तुटला होता. तो दोनचार रुपयांत आला.

हे एवढ्यावर मिटलं असतं, पण काडेपेटीवाल्या शेजाऱ्यांनाही आपलं मशीन उघडून बघायची हुक्की आली. त्यांच्यातला रजिस्टन्स निळ्या अंगाचा, पाच पट्ट्यांचा, रंग अगदी टवटवीत. तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी. यात पहिले तीन आकडे आणि शेवटचा तपकिरी म्हणजे एक टक्का. वाचलं तर १०० पुढे दोन शून्यं, १० के. भाच्याने तोच फोटो उलटा धरून वाचला: तपकिरी, लाल, काळा, काळा, तपकिरी. १२० ओहम. दोन्ही यादीत आहेत, दोन्ही शहाणे आहेत. सोनेरी टोक नाही, आणि शेवटच्या पट्ट्याआधी जरा जास्त अंतर सोडायची रीत असते ती इथे कुणी पाळलेली नव्हती.

"रंग दिसूनबी उपेग नाही मग," भाचा म्हणाला.

इथे मात्र पाय उचलायचीही गरज पडली नाही. प्लेटमध्ये जोडलेला रजिस्टन्स मोजला की आजूबाजूच्या वाटांनीही करंट पळतो, म्हणून आकडा खऱ्याएवढा येतो किंवा कमी. कपॅसिटर रिकामा असेल आणि रजिस्टन्स धड असेल तर जास्त येत नाही. मीटरने ९.४ के दाखवलं. १२० ओहमचा रजिस्टन्स एवढा आकडा दाखवूच शकत नाही, आणि अंगावर जळल्याची खूणही नव्हती.

शेजाऱ्यांनी एवढंच विचारलं, की मशीन चालू होतं तर ते उघडलं कशाला.