नवीन नंबर सेव्ह करावा, ही नम्र विनंती

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये सर्वाधिक आवृत्त्या निघणारं लेखन कोणतं, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर द्यायला समीक्षक नेमावा लागणार नाही. ‘सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की, आपल्या वॉचमनचा नंबर बदलला असून नवीन नंबर पुढीलप्रमाणे आहे. कृपया सर्वांनी सेव्ह करून घ्यावा. आदेशावरून, सेक्रेटरी.’ आदेश कोणी दिला हे गूढच राहतं, पण प्रतिसाद ठरलेला असतो. पंधरा अंगठे, चार जोडलेले हात, एक ‘नोटेड’, आणि तिसऱ्या मजल्यावरून ‘आज पाणी किती वाजता सोडणार?’ अशी स्वतंत्र बाण्याची पृच्छा. संध्याकाळपर्यंत हा मजकूर वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो आणि रात्री अकराला कोणीतरी विचारतं, ‘वॉचमनचा नंबर आहे का कोणाकडे?’ यावर सेक्रेटरींचं कायमचं दुखणं असं की सभासद बेजबाबदार आहेत, सांगूनही नंबर सेव्ह करत नाहीत. आमचं म्हणणं उलट आहे. सभासदांनी हा नंबर सेव्ह न करणं हेच शहाणपणाचं आहे, कारण तो सेव्ह करण्याच्या लायकीचा नसतो. तो वॉचमनचा असतो, गेटचा नसतो.

हे आकड्यांनी पाहू. एक ५६ फ्लॅटची सोसायटी धरा, कोथरूडची म्हणा किंवा डोंबिवलीची. एजन्सीचे दोन गार्ड बारा-बारा तासांच्या पाळीत उभे राहतात, एक दिवसाला, एक रात्रीला. आठवड्यात अशा १४ पाळ्या होतात. प्रत्येकाला एक साप्ताहिक सुट्टी मिळते असं उदारपणे मानलं, तर दिवसाचा गार्ड सहा पाळ्या करतो, रात्रीचा सहा करतो आणि उरलेल्या दोन पाळ्यांना एजन्सीचा रिलीव्हर येतो, ज्याचा चेहरा दर खेपेला वेगळा असू शकतो. आता मजकुरात एकच नंबर आहे, बहुधा दिवसाच्या गार्डचा, कारण सेक्रेटरी दिवसा खाली उतरतात. म्हणजे तो नंबर १४ पैकी सहा पाळ्यांनाच गेटवर वाजतो. उरलेल्या आठ पाळ्यांत तो दूर कुठेतरी झोपलेल्या माणसाच्या उशाशी वाजतो. सर्व ५६ घरांनी एकमुखाने, शपथ घेऊन नंबर सेव्ह केला, तरी निम्म्याहून जास्त वेळ तो चुकीचाच राहणार आहे. आणि वॉचमनची खरी गरज रात्री लागते, म्हणजे तो चुकीचा असण्याची वेळही अचूक साधलेली आहे. दोन्ही गार्डांचे नंबर दिले तरी रिलीव्हरच्या पाळ्या उघड्याच राहतात; शिवाय टाकी वाहताना आज कोणाची पाळी आहे हे आधी आठवावं लागतं.

नंबर टिकत का नाही, याची कारणंही गूढ नाहीत. एजन्सी गार्ड हलवते. कधी दुसऱ्या साइटवर माणूस कमी पडला म्हणून, कधी इथल्या एखाद्या मान्यवरांच्या गाडीला त्याने वेळेवर गेट उघडलं नाही म्हणून. काही जण गावी जातात आणि पेरणी उरकेपर्यंत परतत नाहीत. आणि कित्येकदा माणूस तोच असतो, फक्त रिचार्ज संपलेला असतो. प्रीपेडची वैधता संपली की आधी आउटगोइंग जातं आणि काही दिवसांनी इनकमिंगही. हातात पैसे नसले की माणूस रिचार्ज लांबवतो, किंवा स्वस्तात मिळालेलं दुसरं सिम घालतो, आणि सोसायटीत नव्या आवृत्तीची घोषणा होते. जुन्या नंबराची कथा तिथे संपत नाही. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्या कोणाला देऊ नये, असा दूरसंचार विभागाचा नियम आहे; त्यानंतर मात्र तो कोणालाही मिळू शकतो. मग कोल्हापुरातल्या एखाद्या सज्जन गृहस्थाला रात्री पावणेबाराला फोन येतो आणि पलीकडून एक करारी आवाज ‘अरे, मोटर बंद कर, टाकी वाहतेय!’ असं फर्मावतो. त्या गृहस्थाने घाबरून स्वतःची मोटर बंद केली तर पाणी बचतीला तेवढाच हातभार.

सभासदांच्या फोनमध्ये या सगळ्याचा पुरातत्त्वीय थर जमलेला असतो. ‘वॉचमन’, ‘वॉचमन न्यू’, ‘वॉचमन न्यू २’, ‘वॉचमन नाइट’, ‘वॉचमन हा चालू’. जुना डिलीट करण्याचा धीर कोणाला होत नाही, कारण चालू कोणता याची खात्री नसते. पण फोनमधला गोंधळ त्यातल्या त्यात परवडला. खरी पंचाईत अशी की ज्यांना नंबर लागतो ते ग्रुपवर नसतातच. ग्रुपवर फ्लॅटमागे एक जण असतो आणि तो ऑफिसात असतो. घरात आजी असतात, शाळेतून आलेली मुलं असतात, पोळ्या करायला आलेल्या मावशी असतात. भाडेकरूंना तर कित्येक ठिकाणी ग्रुपवर घेतच नाहीत, त्यांची मतं असतात म्हणून. लिफ्टमधल्या स्टिकरवर तीन वॉचमनांपूर्वीचा नंबर असतो, कारण नवा नंबर ग्रुपवर टाकायला एक मिनिट लागतं आणि स्टिकर बदलायला प्रिंटरवाल्याकडे जावं लागतं. वीज गेली, लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली, आत सहावीतला मुलगा आहे, अशा वेळी त्याच्यासमोर भिंतीवर जे दहा आकडे आहेत तेवढीच सोसायटीची आपत्कालीन व्यवस्था. ती कोल्हापूरला लागते.

यावर उपाय इतका साधा आहे की तो सुचवायला संकोच वाटतो. नंबर गेटच्या नावाचा असावा. सोसायटीने एक बटणांचा साधा फोन आणि एक सिम घ्यावं, ते गेटच्या केबिनमध्ये राहावं, पाळी बदलताना चाव्यांचा जुडगा, टॉर्च आणि नोंदवहीबरोबर तोही हातोहात द्यावा आणि वहीत सही घ्यावी. नंबर एकदाच लिफ्टमध्ये, पंपरूमच्या दारावर आणि तळमजल्याच्या फलकावर रंगवावा. माणूस बदलला, पाळी बदलली, एजन्सी बदलली, तरी फोन गेटवरच वाजतो. खर्चही जीव घेणारा नाही. फोन हजार-दीड हजारांचा. रिचार्ज महिन्याला अडीचशे रुपये धरा. कंपन्यांचा महिना बहुतेक वेळा २८ दिवसांचा असल्यामुळे वर्षाला बाराऐवजी १३ रिचार्ज, म्हणजे ३,२५० रुपये. ५६ घरांत वाटले तर दर घरामागे वर्षाला ५८ रुपये, महिन्याला पाच रुपयेही नाहीत. मेंटेनन्सच्या बिलात ही रक्कम दिसण्यासाठी भिंग लागेल.

तरीही आक्षेप येतात, आणि ते ऐकायलाच हवेत. पहिला: गार्ड त्यावर व्हिडिओ बघत बसतील. बटणांच्या फोनवर कोणी व्हिडिओ बघून दाखवले तर त्याला गार्डऐवजी संशोधक म्हणून नेमावं. दुसरा: फोन हरवेल. हरवू शकतो; पण सिम सोसायटीच्या नावावर असलं की तोच नंबर नव्या सिमवर परत मिळतो, फलक रंगवावे लागत नाहीत. तिसरा: इंटरकॉम आहे की. आहे, आणि ज्या इमारतींत तो चालू आहे त्यांचं अभिनंदन. पण इंटरकॉम फक्त फ्लॅटमधून लागतो. आई दार उघडत नाही म्हणून बेंगळुरूहून घाबरलेल्या मुलीला आणि लिफ्टमधल्या मुलाला त्याचा काडीचा उपयोग नाही. चौथा: संकटात ११२ आहेच. बरोबर आहे, आणि आग लागली तर आधी अग्निशमन दलाच्या १०१ वरच फोन करावा, वॉचमनची वाट पाहू नये. पण मेन स्विच कुठे आहे, गच्चीची चावी कोणत्या खिळ्याला आहे, हे ११२ ला ठाऊक नसतं. ते गेटवरच्या माणसालाच ठाऊक असतं, नाहीतर असायला हवं.

पाचवा आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे: सिम कोणाच्या नावावर घ्यायचं? इथे अनेक सोसायट्या सेक्रेटरींच्या आधारवर सिम घेऊन मोकळ्या होतात आणि रोग एक मजला वर सरकवतात. कमिटीची मुदत पाच वर्षांची. त्याआधीच सेक्रेटरी पार्किंगवरून रागावून राजीनामा देतात आणि जाताना नंबरही नेतात. मग गेटचा नंबर परत मिळवण्यासाठी शिष्टमंडळ पाठवावं लागतं. पण याचं उत्तर कायद्यातच आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३६ नुसार नोंदणी झालेली सोसायटी ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असते. ती मालमत्ता धारण करते, करार करते, कोर्टात उभी राहते. विजेचं मीटर आणि बँकेचं खातं तिच्या नावावर असतंच. तसंच कनेक्शनही, नोंदणी प्रमाणपत्र आणि कमिटीचा ठराव देऊन, तिच्या नावावर मागता येतं. शेजाऱ्यावर दावा लावायला जी सोसायटी कायदेशीर व्यक्ती असते, तिने सिम घेताना अचानक अज्ञान बालक होऊ नये.

मग एवढं सोपं असूनही ते होत का नाही? कारण सध्याची व्यवस्था सोसायटीला फुकट पडते. ठराव करायचा तर सर्वसाधारण सभेत विषय निघणार, महिना पाच रुपयांवर पाऊण तास चर्चा होणार, तळमजल्याचे सभासद लिफ्टच्या स्टिकरचा वाटा द्यायला नकार देणार. त्यापेक्षा एका गरीब माणसाचा खासगी नंबर त्याला न विचारता ५६ घरांत वाटणं सोयीचं. त्याच नंबरावर त्याच्या बँकेचे मेसेज येतात, बायको-मुलांचे फोन येतात, आणि पाळी संपवून पाठ टेकली की ‘डी विंगचं पार्सल कुठे ठेवलंस?’ हाही फोन येतो. नोकरी सोडून गावी गेला तरी काही महिने तो सोसायटीच्या सेवेत असतो, बिनपगारी. मुख्य म्हणजे रिचार्ज त्याचा. कोट्यवधींच्या इमारतीची संपर्कव्यवस्था त्या इमारतीत सर्वांत कमी पगार घेणारा माणूस स्वतःच्या खिशातून चालवतो, आणि वैधता संपली की ‘फोन लागत नाही याचा’ म्हणून त्याचीच एजन्सीकडे तक्रार जाते.

तेव्हा पाच रुपये द्यायचेच नसतील तर निदान रीत पाळावी. गणपतीच्या मखराला किंवा गेटच्या कमानीला देणगी देणाऱ्यांची नावं आपण संगमरवरी फरशीवर कोरून घेतो. त्याच न्यायाने संपर्कव्यवस्थेच्या या एकमेव देणगीदाराची फरशीही प्रवेशद्वारी बसवावी. अडचण एकच येईल. कोरणारा कारागीर नाव विचारील, आणि ५६ घरांतल्या फोनांत शोधूनही ते कुठेच सापडणार नाही.