बॅकअप कोण?

(गणपती आठ दिवसांवर. भोसरीतला मांडव, निम्मे बांबू उभे, निम्मे आडवे.)

अध्यक्ष : झाली का यादी?

चिटणीस : झाली, अण्णा. काम, माणूस, नंबर, बॅकअप. लाइटला आपला वायरमन, बॅकअपला त्याचा दोस्त.

अध्यक्ष : मग सुटलं!

चिटणीस : अडलं! दोघं चाकणला एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला, एकाच बसने. तिथे मोबाईल गेटवर जमा. आरतीच्या वेळी लाइट गेली तर दोघांचे फोन लॉकरमध्ये शेजारीशेजारी वाजत बसणार.

अध्यक्ष : मग शिफ्टचा रकाना टाक.

चिटणीस : टाकला. पण त्यांची शिफ्ट आठवड्याला बदलते आणि गणपती दहा दिवस. म्हणून प्रत्येकाच्या दोन ओळी केल्या : रविवारपर्यंत सेकंड, सोमवारपासून फर्स्ट. आणि बॅकअप नेहमी उलट शिफ्टचा.

अध्यक्ष : लाइटला उलट कोण मिळाला?

चिटणीस : समोरचा इस्त्रीवाला.

अध्यक्ष : त्याला काय कळतं वायरिंगमधलं?

चिटणीस : काही नाही. पण तो दिवसभर इथेच असतो आणि मेन स्विच कुठाय ते मी त्याला दाखवलंय. पावसात खांबाला करंट आला तर आधी बंद करणारा पाहिजे. जोडणारा सेकंड सुटल्यावर येईल. यादीत इस्त्रीवाल्यापुढे तेवढंच लिहिलंय : ‘बंद करणे’.

अध्यक्ष : बाकी नंबर गेल्या वर्षीचेच ना?

चिटणीस : ते एकेक लावून बघितले. चार बंद. प्रसादवाल्याच्या नंबरात नऊच आकडे. ट्रॅक्टरवाल्याचा नंबर आता कामशेतच्या एका आजींकडे आहे. विसर्जनाला येता का विचारलं, तर म्हणाल्या, ‘मुलाला विचारून सांगते.’

अध्यक्ष : (खूश होऊन) यादी फ्लेक्सवर घेऊ. वर माझा फोटो.

चिटणीस : फ्लेक्सवर तुमचा एकट्याचाच नंबर. रांगोळीच्या मुलींचे नंबर रस्त्यावर टांगायचे नाहीत. मांडवात पडद्याआड एक कागद, मोठ्या अक्षरात : पोलीस 112, आग 101, अँब्युलन्स 108 आणि मेन स्विचवाला. पूर्ण यादी आपल्या पाचजणांकडे.

अध्यक्ष : माझे तर दोन नंबर आहेत. मला बॅकअप नको.

चिटणीस : जरा मोबाईल बंद करा बघू.

अध्यक्ष : केला.

चिटणीस : (फोन लावत) पहिला… स्विच ऑफ. दुसरा… तोही. अण्णा, दोन्ही सिमं एकाच मोबाईलमध्ये!

अध्यक्ष : मग माझ्या जागी लिही कोणालातरी.

चिटणीस : वहिनींना लिहिलंय.

अध्यक्ष : ती फोनच उचलत नाही रे!

चिटणीस : माझा उचलला. पहिल्याच रिंगला.